स्वागत आधी, निरोप मागून

बोरवंडच्या मांडवात गोरज मुहूर्तावर ऐकू यायचं स्वागत ट्रायटनवरून भर दुपारीच निघणं भाग होतं. नेपच्यूनच्या त्या गोठलेल्या चंद्रापासून पृथ्वीपर्यंत पोचायला उजेडालासुद्धा चार तास लागतात, तिथं माणसाच्या आवाजाचं काय घेऊन बसलात! ठाण्यातलं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम बोरवंडच्या वेळेवर लावलेलं होतं. विश्वंभर क्षीरसागर त्या घड्याळाकडे बघत आवाजपेटीसमोर बसला होता. त्याच्या शेजारच्या खुर्चीत, डोक्याला लाल फेटा बांधून, नवरीचा बाप बसला होता.

नवरीचा बाप, दत्ताजी नाईकनवरे, सकाळीच गेला होता.

काही आजार नाही, काही नाही. फेटा बांधून झाला, आरशात बघितलं, "विश्वा, फेट्याची शेव नीट आली का रे?" असं विचारलं, आणि खुर्चीत बसला तो बसलाच. विश्वंभर चहा गरम करत होता. तो म्हणाला, "शेव नीट आहे, पण तोंड तेवढं हसरं ठेव, लेकीचं लग्न आहे, कोर्टात तारीख नाही." एवढ्या विनोदावर दत्ता हसला नाही म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं.

त्या ठाण्यावर दोघंच माणसं. बाहेर उजाड, निळसर बर्फ आणि काळं आभाळ. वर, ट्रायटनभोवती फिरणाऱ्या मुख्य यानात आणखी चार जण होते, पण ते खाली उतरायचे पाळी बदलताना. म्हणजे दत्ता गेल्यावर त्या अख्ख्या चंद्रावर जिवंत माणूस एकच उरला होता, आणि तो बोरवंडचा निवेदक होता.

निवेदक म्हणजे लग्नात माइक हातात धरणारा. विश्वंभर शिक्षणानं यंत्रतज्ज्ञ, पोटापाण्याला संदेशस्तंभ सांभाळणारा, पण आजही बोरवंडला कुणी त्याला यंत्रतज्ज्ञ म्हणून ओळखत नाही. "आपला विश्वंभर, माइकवाला," म्हणतात. कॉलेजात असल्यापासून गावातलं एक लग्न त्याच्या आवाजाशिवाय लागलेलं नव्हतं. तो आणि दत्ता एका शाळेतले. दत्ता खगोलशास्त्राकडे वळला, पोरीचं नावसुद्धा त्यानं कृत्तिका ठेवलं, आणि ट्रायटनच्या वेधशाळेवर निघाला तेव्हा म्हणाला, "विश्वा, तूपण चल. तिथं गप्पा मारायला दुसरं कोण आहे?" विश्वंभरला बायकापोरं नव्हती. तो निघाला.

आणि आता गप्पा मारायला कुणीच नव्हतं.

"विश्वंभरराव," पेटीतून आवाज आला. वरच्या यानातल्या डॉक्टर मृदुला कारखानीस. सगळ्या मोहिमेच्या त्याच प्रमुख. "जीवसूचकाचा निष्कर्ष मी दोनदा तपासलाय. तुम्ही सांगितलंत ते खरंच आहे. मला फार वाईट वाटतं."

जीवसूचक म्हणजे प्रत्येकाच्या मनगटावर असायची ती पट्टी. नाडी, श्वास, सगळं ती वर कळवायची. दत्ताच्या मनगटावर ती अजून होती, आणि तिच्यावर एक लाल ठिपका स्थिर जळत होता.

"नियमाप्रमाणे मला मृत्यूची सूचना ताबडतोब पृथ्वीला पाठवली पाहिजे," त्या म्हणाल्या. "पण संदेशस्तंभ तुमच्याकडे आहे. किरणसंदेश तुम्हीच सोडणार."

"डॉक्टरबाई, थोडं थांबा." विश्वंभरनं घसा साफ केला. "एक सांगा. आत्ता मी सूचना सोडली, तर ती बोरवंडला कधी पोचेल?"

"चार तासांनी. गोरज वेळेच्या जरा आधी."

"म्हणजे नवरी मांडवात यायच्या आत."

"हो."

"मग लग्न लागणार नाही."

डॉक्टरबाई पुण्याच्या, अशा बाबतीत फार विश्वास नसलेल्या. "सुतकाबद्दल म्हणताय?"

"सुतक तर आहेच. बापाचं सुतक म्हणजे काय साधी गोष्ट आहे का? पण मी निव्वळ शास्त्र सांगत नाही. नवरा मुलगा आठवड्यानं मंगळाच्या वसाहतीला निघतोय, आणि तिथं जोडप्यालाच जागा आहे. लग्न आज लागलं तर कृत्तिका त्याच्याबरोबर जाईल. नाही लागलं तर पुढचं यान कधी, कुणाला ठाऊक. दत्ता गेले सहा महिने दुसरं काहीही बोललेला नाही. त्याच्या लेकीचं लग्न त्याच्यामुळेच मोडलं, असं व्हायला नको."

"मग लपवायचं म्हणता?"

"लपवायचं नाही हो. उशिरा सांगायचं." तो पुढे सरकला. "आमच्याकडे एक नियम आहे. माणूस दूरदेशी वारला, तर घरच्यांना सुतक लागतं ते ऐकल्यापासून. ज्या दिवशी गेला त्या दिवसापासून नाही. निरोप येईपर्यंत घरातलं देवाधर्माचं सगळं चालू राहतं, आणि ते चुकीचं मानत नाहीत. आमच्या आजोबांचा भाऊ परमुलखात वारला होता. निरोप आला त्या दिवसापासून घरानं सुतक धरलं."

डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या, "हे विचित्र आहे."

"काय विचित्र?"

"तुमचा नियम भौतिकशास्त्राला धरून आहे. बघा ना, कुठलाही परिणाम प्रकाशापेक्षा वेगानं जाऊ शकत नाही. दत्ताजी गेले, ही घटना इथून उजेडाच्या वेगानं पसरत निघाली आहे. ती जिथवर पोचली नाही, तिथं तिचा कशावरही काही परिणाम होत नाही, होऊच शकत नाही. बोरवंडच्या मांडवात कितीही अचूक यंत्र लावा, दत्ताजी गेले हे चार तासांच्या आत कळायचा मार्गच नाही. तिथल्यांच्या लेखी ते अजून फेटाच बांधतायत."

विश्वंभरच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "फेटा फार छान बांधला होता हो त्यानं."

"आणि दुसरी गोष्ट," त्या म्हणाल्या, "दोन किरणसंदेश एकाच वाटेनं सोडले, तर पहिला निघालेला पहिलाच पोचतो. मागचा पुढच्याला गाठू शकत नाही. तुमचं स्वागत आधी गेलं आणि सूचना मागून, तर सूचना आयुष्यात कधी स्वागताला ओलांडणार नाही."

"मग तेवढंच करू द्या मला."

"पाहुणे जेवून उठेपर्यंत," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यापुढे नाही. आणि स्वागतात खोटं बोलू नका, विश्वंभरराव. नंतर दत्ताजींच्या पत्नी ते पुन्हा पुन्हा ऐकतील."

आता ह्या स्वागताचं महत्त्व काय, ते ज्यानं आमच्याकडचं लग्न पाहिलं नाही त्याला कळायचं नाही. भात कच्चा राहिला तर माफ करतात. वाजंत्री बेसूर निघाली तर हसून सोडतात. पण स्वागतात नाव घ्यायचं राहिलं, तर तो राग सात पिढ्या जात नाही! साखरपुड्याला गावातल्या एका नवशिक्या पोरानं माइक धरला होता, आणि वराच्या थोरल्या चुलत्यांचं, आबासाहेब ढमाल्यांचं नाव त्याच्याकडून निसटलं. आबासाहेब एक अक्षर बोलले नाहीत. उठले, खुर्ची उलटी फिरवली, मांडवाकडे पाठ करून बसले आणि शेवटपर्यंत पेढ्याला हात लावला नाही. सोयरीक तिथंच तुटायची. तेव्हाच दत्तानं बजावलं होतं, "लग्नात विश्वाच बोलेल. मग तो नेपच्यूनवरून का बोलेना!"

नावं कुणी कागदावरून वाचू नयेत, असं विश्वंभरचं मत. माणसाचं नाव घ्यायचं तर त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला पाहिजे. आणि आणखी एक पथ्य तो पाळायचा: आलेल्यांचं स्वागत करायचं, येणाऱ्यांचं नाही. न आलेल्या माणसाला "उपस्थित" म्हटलं की मांडवात खसखस पिकते. म्हणून स्वागत आधीच भरून ठेवायचं नाही, शेवटच्या क्षणी, कोण कोण पोचलं ते कळल्यावरच बोलायचं, असं ठरलं होतं. कोण पोचलं ते कळवायचं काम दत्ताच्या बायकोचं, वैजयंतावहिनींचं.

त्यांचा निरोप थोड्या वेळापूर्वीच आला होता. सकाळचा, चार तासांचा जुना. मागं भांड्यांचा आवाज, पोरांचा गोंधळ.

"भाऊजी, वाघदऱ्याची मंडळी आली, सकाळीच उतरली. आबासाहेब आलेत, तोंड फुगलेलंच आहे, पण आलेत. नवऱ्या मुलाचे मामा वसंतराव आलेत. धाकटे चुलते आणि आबासाहेब बोलत नाहीत, तेव्हा वयाप्रमाणे घ्या, एकाच दमात घ्या. आपल्याकडच्या सगळ्या माहेरवाशिणी आल्यात. जिजी झोपल्यात. मी दार ओढून घेतलंय, कुणी उठवू नका म्हणून सांगितलंय सगळ्यांना. दगदग नको त्यांना. पण आपल्या बाजूचं पहिलं नाव जिजींचंच घ्या, भाऊजी. विसरू नका. आणि ह्यांना सांगा, फेटा घट्ट बांधा, नेहमी घसरतो."

जिजी म्हणजे दत्ताची आई. नव्वदीच्या घरातली, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाची म्हैस थांबावी. दत्ता ट्रायटनला निघाला तेव्हा तिनं विचारलं होतं, "तिथं भाकरी मिळते का रे?" आणि नाही म्हटल्यावर, "मग कशाला जातोस मरायला?" असं म्हणून दोन दिवस अबोला धरला होता.

आता तिला सांगणार कोण? विश्वंभरनं तो विचार बाजूला ढकलला. तो विचार पुन्हा परत आला.

सगळ्यात मोठी पंचाईत शेवटच्या वाक्याची होती. स्वागत संपताना यजमानानं, म्हणजे वधूपित्यानं, स्वतःच्या तोंडानं एक वाक्य म्हणायचं, अशी बोरवंडची रीत. निवेदक कितीही गोड बोलो, जेवणाचं आमंत्रण घरच्या माणसाच्याच तोंडून आलं पाहिजे. ते एकच वाक्य दत्ताला म्हणायचं होतं, आणि त्यानं आदल्या दिवशी त्याचा सराव केला होता. तो सराव पेटीत होता. विश्वंभरनं तो लावला.

दत्ता खाकरला. मग म्हणाला, "मंडळी, लेक तुमच्या पदरात घालतोय. आता कुणी जेवल्याशिवाय जायचं नाही." आणि मग जरा थांबून, हसून, "हे नीट झालं का रे विश्वा?"

विश्वंभर ओक्साबोक्शी रडला. लाज कुणाची धरायची, तिथं होतं कोण?

मग डोळे पुसून त्यानं डॉक्टरबाईंना विचारलं, "कालचा आवाज आज पाठवला, तर ते खोटं का?"

"इथून गेलेला प्रत्येक आवाज तिथं जुनाच पोचतो," त्या म्हणाल्या. "चार तास जुना काय, आणि एक दिवस जुना काय. मनातलं बदललं नसलं म्हणजे झालं. त्यांच्या मनातलं बदललं होतं का?"

"छे. सकाळपर्यंत तेच होतं."

वेळ झाली. विश्वंभरनं हात धुतले, दत्ताचा फेटा घसरला होता तो सारखा केला, आणि पेटीचं बटण दाबलं. त्याला सुतक नव्हतं. तो दत्ताच्या भावकीतला नव्हता, जातीनं गोतानं कुणी नव्हता, फक्त मित्र होता. म्हणून त्याला शुभकार्यात बोलता येत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला ह्या गोष्टीचं वाईट वाटलं.

"बोरवंडचं ग्रामदैवत भैरवनाथ, वाघदऱ्याची जोगेश्वरी, आणि दोन्ही कुळांची कुलदैवतं, यांच्या चरणी पहिलं वंदन." आवाज निघाला तो त्याचा नेहमीचा, खणखणीत. त्याला स्वतःलाच नवल वाटलं. "जमलेल्या सर्व थोरामोठ्यांना, आयाबहिणींना, पाहुण्यारावळ्यांना नमस्कार. नाईकनवरे आणि ढमाले ही दोन घरं आज एका उंबऱ्याला येत आहेत, त्याला साक्षी म्हणून तुम्ही दुरून दुरून वाट तुडवत आलात. आमचं बोलणं त्याहून जरा दुरून येतंय, तेवढं सांभाळून घ्या."

इथं हशा होणार, म्हणून तो थांबला. हशा चार तासांनी होणार होता, आणि त्याच्या कानावर पडायला आणखी चार तास. पण हशाची जागा सोडावीच लागते. नाहीतर पुढचं नाव त्यात बुडतं.

"मुलीकडची मंडळी यजमान. म्हणून मान आधी मुलाकडच्यांचा. वरपिता ज्ञानोबाराव ढमाले, वरमाता सौभाग्यवती चंद्रभागाबाई, आपलं स्वागत आहे. वराचे थोरले चुलते, ज्यांच्या शब्दावर वाघदऱ्याची पंचायत चालते ते आबासाहेब, आणि त्यांच्या पाठोपाठ धाकटे चुलते दिगंबरराव, या, आपल्यावाचून मांडवाला शोभा नाही. वराचे मामा वसंतराव! मामा, तुमच्यावाचून नवरदेव मांडवात पाऊल टाकायचा नाही, हे आम्ही जाणून आहोत." मग वराच्या आत्या, मावश्या, भावकी, आजोळची मंडळी, गावोगावचे सोयरे. गावाचं नाव आधी, मग तिथल्या वडिलधाऱ्याचं, मग "आणि समस्त मंडळी", म्हणजे एकही सुटत नाही. एकेका नावाला तो चेहरा आठवत गेला. ज्यांना पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी त्यानं दत्ताकडून खाणाखुणा विचारून घेतल्या होत्या: कुणाच्या कानात भिकबाळी, कुणाची काठी चंदनाची.

मग आपली बाजू आली.

"नाईकनवरे घराण्याचा वटवृक्ष, दत्ताजीरावांच्या मातोश्री, सगळ्या बोरवंडच्या जिजी, पार्वतीबाई." निमंत्रणपत्रिकेवर छापतात तसलं गंगाभागीरथी वगैरे तो कधी लावत नसे. "जिजी, तुमचे आशीर्वाद आहेत म्हणून हा दिवस दिसला. तुमच्या चरणी आम्हा दोघांचा दंडवत."

दोघांचा. ते त्याच्या तोंडून गेलं आणि त्यानं ते तसंच राहू दिलं.

"वधूमाता..." इथं मात्र तो थांबला. वधूमातेच्या नावाआधी काय म्हणतात, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. शेजारी फेटा बांधलेला दत्ता बसलेला. चार तासांच्या पलीकडे मांडवात हिरव्या चुड्यात वैजयंतावहिनी उभ्या असणार. जिथं निरोप पोचला नाही, तिथं ती घटना नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मग तिथं त्या अजून तशाच आहेत. तो म्हणाला, "सौभाग्यवती वैजयंता दत्ताजीराव नाईकनवरे." एकदाही न अडखळता म्हणाला.

पुढं माहेरवाशिणी, वधूचे मामा, आचारी, वाढपी, मांडववाले, वाजंत्री. "एवढं करूनही नजरचुकीनं कुणाचं नाव राहिलं असेल, तर तो दोष माझा, यजमानांचा नाही. राग माझ्यावर काढा, मी हाताशी सापडणार नाही म्हणा!" पुन्हा हशाची जागा. "अक्षता सगळ्यांना पोचल्या का? न पोचलेल्यांनी हात वर करावा. अक्षता जागेवरूनच टाका, पुढं गर्दी करू नका, नवरानवरीच्या डोळ्यांत मारू नका. वधूच्या मामांना विनंती, वधूला मांडवात घेऊन यावं. गुरुजींना विनंती, अंतरपाट धरावा. आणि आता यजमानांचा एक शब्द."

दत्ताचा आवाज निघाला. खाकरणं सुद्धा त्यानं कापलं नाही. "मंडळी, लेक तुमच्या पदरात घालतोय. आता कुणी जेवल्याशिवाय जायचं नाही." फक्त त्यापुढचा प्रश्न तेवढा त्यानं स्वतःसाठी मागं ठेवला.

"नीट झालं रे दत्ता," पेटी बंद करून तो म्हणाला.

आणि मग काही करायला उरलं नाही. निवेदकाचं हे नेहमीचंच असतं. सगळ्यांना या, बसा म्हणतो, आणि त्याला कुणी या म्हणत नाही. लग्न लागलं की लोक पानांवर जातात, आणि हा बिचारा माइकची वायर गुंडाळत बसतो. पण एरवी निदान पंगतीचा आवाज तरी कानावर येतो. इथं हवा खेळवणाऱ्या पंख्याची घरघर, आणि शेजारी दत्ता. साऱ्या सूर्यमालेत दत्ता गेल्याचं ज्यांना ठाऊक होतं ती माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांतला बोरवंडचा एकटा विश्वंभर. ती बातमी त्याच्या छातीवर पाटा ठेवावा तशी बसली होती.

पाहुणे जेवून उठतील त्या बेतानं सूचना सोडायची होती. त्याला अजून वेळ होता. विश्वंभर तिचा मजकूर मनात जुळवत होता, एवढ्यात पेटीवर दिवा लागला. पृथ्वीवरून निरोप होता, दत्ताच्या नावाचा. घरचा, खाजगी.

दुसऱ्याचा खाजगी निरोप ऐकू नये. पण ऐकणारा नव्हता, म्हणून त्यानं ऐकला.

वैजयंतावहिनींचा आवाज. ह्या खेपेला मागं भांडी नाहीत, पोरं नाहीत. दार लावून बोलत असाव्यात.

"अहो. हे मी सकाळच्या निरोपामागून, मुद्दाम थांबवून पाठवतेय. तुम्ही ऐकाल तेव्हा भाऊजींचं स्वागत निघून गेलेलं असेल, तुमचं वाक्यही गेलेलं असेल. तसा हिशेब करूनच पाठवतेय, तुम्हीच शिकवलात हा हिशेब. अहो, जिजी गेल्या. पहाटेच गेल्या, झोपेतच. चहा घेऊन गेले तर हात गार. मी कुणाला सांगितलं नाही. दार ओढून घेतलं आणि झोपल्यात म्हणून सांगितलं. मला कळलंय, म्हणजे सुतक मला एकटीला. बाकी कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं असतंत तर तुम्हाला लागलं असतं, मग तुमच्या तोंडून वाक्य निघालं नसतं, आणि लेकीच्या लग्नात बापाचा शब्द नाही असं झालं असतं. म्हणून नाही सांगितलं. चुकले असेन तर ओरडा, आल्यावर."

इथं त्यांचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा झाला. मग पुन्हा वर आला.

"मघाशी आरशात बघून सराव केला. भाऊजी जिजींचं नाव घेतील तेव्हा तोंड कसं ठेवायचं, त्याचा. जमेल. लोकं जेवून गेली की दार उघडीन. तुम्ही आता आंघोळ करा. आणि भाऊजींना लगेच सांगू नका, त्यांचं जिजींवर फार होतं. ऐकल्यावर मला एक शब्द पाठवा. नुसतं 'ऐकलं' म्हणालात तरी पुरे. मी वाट बघतेय. मला फार एकटं वाटतंय, अहो."

विश्वंभरनं वरच्या यानाला हाक मारली आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे त्यांनीही तेच केलं," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "तोच हिशेब. त्या बाजूनं."

"होय. त्याच चार तासांत दोन मढी झाकली आम्ही. त्यांनी एक, मी एक. आणि मी एकीला दंडवत घालून, दुसऱ्याला बोलायला लावून मोकळा झालो."

"स्वागत परत बोलावता येणार नाही."

"कशाला बोलवायचं? चांगलं झालंय." तो पेटीकडे वळला. "पण आता ती बाई 'ऐकलं' ह्या शब्दाची वाट बघत बसणार. आणि तिकडे पोचणार काय, तर तुमची सूचना."

"मग सूचना मी लिहीत नाही. तुम्हीच बोला. नियम मी बघून घेईन."

तो बोलला. स्वागताला लागला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही वेळ लागला नाही. "वहिनी, मी विश्वंभर. तुमचा निरोप दत्तानं ऐकला नाही. मी ऐकला. तुमचा सकाळचा निरोप इथं पोचला त्याच्याही आधी तो गेला, फेटा बांधून, हसतमुखानं. त्याचं वाक्य खरं त्याचंच होतं, कालचं. मी पण तुमच्यासारखंच केलं, वहिनी. चुकलो असेन तर ओरडा." मग बरीच शोधाशोध करून त्यानं शेवटचं वाक्य जोडलं, "तुम्ही एकट्या नाही आहात, इथं मीपण आहे," आणि पंगती उठायच्या वेळेचा हिशेब साधून संदेशस्तंभातून तो किरण सोडून दिला. सुटला तो सुटला. आता त्याला कुणी गाठणार नव्हतं आणि तोही पुढच्याला गाठणार नव्हता. आधी स्वागत, मागून हा, असे दोघं एकाच वाटेनं बोरवंडकडे चालले होते.

घड्याळात गोरज वेळ झाली. आत्ता तिकडे मांडवात त्याचा आवाज घुमत असणार. आबासाहेबांची खुर्ची सरळ असेल. हशाच्या जागी हशा होत असेल. जिजींचं नाव येईल तेव्हा लोक टाळ्या वाजवतील, बंद दाराकडे बघून हात जोडतील, आणि हिरव्या चुड्यातली एक बाई तोंड सारखं ठेवून उभी असेल. तिला अर्धं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं वाटेत होतं.

पृथ्वीवरून निघताना जिजींनी दत्ताजवळ एका पुरचुंडीत कुंकवाच्या अक्षता दिल्या होत्या, "लेकीच्या लग्नाला तिथून टाक" म्हणून. विश्वंभरनं ती सोडली. अर्ध्या अक्षता दत्ताच्या मुठीत ठेवल्या, अर्ध्या स्वतःच्या. मंगलाष्टकं त्याला तोंडपाठ होती, ती त्यानं एकट्यानं म्हटली, आणि "शुभमंगल सावधान" म्हणून हात उधळला. ट्रायटनची ओढ फार थोडी. तांदूळ वर गेले ते कितीतरी वेळ वरच राहिले, मग सावकाश, एकेक करून, लाल फेट्यावर उतरू लागले.

"दत्ता," तो म्हणाला, "अरे, जिजी गेली."

दत्तानं ऐकलं नाही. तिकडे जिजीनंही दत्ताचं जाणं ऐकलं नव्हतं. सुतक ऐकल्यापासून, म्हणजे आईला लेकाचं लागलं नाही आणि लेकाला आईचं लागलं नाही. दोघंही एकमेकांच्या लेखी जिवंत राहूनच गेली. ऐकलेला तिथं एकटा विश्वंभरच होता, आणि तो ना भावकीतला, ना गोतातला. त्याला कुठल्याच शास्त्रात सुतक नव्हतं.

त्यानं पाण्याच्या साठ्याचं झाकण उघडलं, महिनाभर जपून ठेवलेलं आंघोळीचं पाणी एका भांड्यात घेतलं, अंगावरच्या कपड्यांसकट डोक्यावरून ओतलं, आणि ओलेत्यानंच दत्ताशेजारी जमिनीवर बसून राहिला.